‘कांदा कापून घ्या’ म्हणजे नक्की काय करू? घरच्या पाककृतीतल्या चिरण्या-किसण्या-ठेचण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरची भरल्या वांग्यांची कृती मी पहिल्यांदा लिहून काढली ती भाचीसाठी. ती नोकरीला बंगळूरला गेली आणि महिन्याभरात खाणावळीला कंटाळली. मी लिहिलेल्या कृतीत सात ठिकाणी ‘कापून घ्या’ होतं. कांदा कापून, लसूण कापून, खोबरं कापून, गूळसुद्धा कापून. तिनं रविवारी सकाळी वांगी केली आणि दुपारी फोन आला, “मावशी, मसाला वांग्यात राहीनाच की! सगळा कढईत आलाय.” फोटो मागवला तर कांद्याचे तुकडे शेंगदाण्याएवढे. तिचं काही चुकलं नव्हतं. कापून घ्या म्हटलं होतं, तिनं कापले होते.

तेव्हापासून मी बेळगावातल्या आमच्या घरच्या कृती ‘कापा’ हा शब्द टाळून पुन्हा लिहायला घेतल्यात. नात्यातल्या मुली, गल्लीतल्या वैनी आणि हल्ली एकदोन जावईसुद्धा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र करून ठेवली आहेत.

‘कापा’ लिहिलं तर बिघडतं काय? स्वयंपाक करणाऱ्याला कळतंच ना?

ज्याला ती भाजी आधीच येते, त्याला कळतं. पण त्याला कृती वाचायची गरजच नसते.

चिरताना आपण तीन गोष्टी ठरवत असतो. तुकडा केवढा, तुकडा कुठल्या आकाराचा, आणि चिरताना आतला रस किती बाहेर काढायचा. ‘कापा’ म्हटलं की तिन्ही वाचणाऱ्यावर सोडून दिल्या. बटाट्याचंच बघा. दोन सेंटीमीटरच्या एका चौकोनी फोडीच्या एक सेंटीमीटरच्या आठ फोडी होतात. बटाटा तेवढाच, पण बाहेरची बाजू दुप्पट होते, म्हणजे मीठ-मसाला लागायला जागा दुप्पट. आणि मोठ्या फोडीच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला लहान फोडीच्या मानानं साधारण चौपट वेळ लागतो, कारण जाडी दुप्पट झाली की वेळ दुपटीनं नाही, त्याच्याही दुपटीनं वाढतो. पातेल्यात थोडं इकडंतिकडं होईल, पण ‘दहा मिनिटं शिजवा’ हे वाक्य फोडीचं माप सांगितल्याशिवाय फुकट आहे. एकाच भाजीत दोन्ही मापाच्या फोडी पडल्या तर लहानांचं पिठलं होतं आणि मोठ्या दाताखाली कचकचतात.

चिरणं आणि कापणं यात मराठीत खरंच फरक आहे का?

आमच्या घरात आहे. भाजी चिरायची, केक कापायचा. कांदा चिरायचा, कलिंगड कापायचं. केस, कापड, खिसा हे सगळं कापायचं. आज्जी तर ‘भाजी कापली’ म्हटलं की तोंड वाकडं करायची. तिला त्या शब्दात काहीतरी अभद्र वाटायचं, जसं देवापुढचा नारळ ती कधी ‘फोडायची’ नाही, ‘वाढवायची’. आताच्या मुली सर्रास भाजी कापतात आणि भाजी काही वाईट होत नाही. बोलताना मी कुणाला अडवत नाही.

पण कृती लिहिताना हा भेद कामाला येतो. चिरलं म्हणजे पात्यानं सरळ, एकेक करून, तुकडे सुटे पडतील असं. ते शब्दातच आलं. त्याच्या पुढे ‘उभा’, ‘बारीक’, ‘चौकोनी’ लावलं की काम भागतं. ‘बारीक कापा’ म्हटलं तर काहीजण सरळ मिक्सर काढतात, हे मी पाहिलंय.

इंग्रजी रेसिपीत डाइस, मिन्स, स्लाइस, ज्युलिएन असं असतं. त्यांना आपले शब्द कोणते?

डाइस म्हणजे फाशासारखे चौकोनी तुकडे. आपल्याकडे त्यासाठी एक क्रियापद नाही, ‘चौकोनी चिरा’ किंवा मोठे असतील तर ‘फोडी करा’ असं म्हणतो.

स्लाइस म्हणजे पातळ सपाट काप, आणि इथं मात्र आपणच श्रीमंत आहोत. गोल पडल्या तर चकत्या. बटाट्याचे, तोंडल्याचे परतायला पातळ केले तर काचऱ्या. वांग्याचे जाडसर करून रवा लावून तळायचे ते काप. लिंबाची, संत्र्याची ती फाक. इंग्रजीत या सगळ्यांना एकच शब्द पुरतो, त्यामुळं भाषांतर करताना लोक ‘स्लाइस करा’ लिहून मोकळे होतात आणि वाचणारी विचारत बसते, गोल का लांबट?

मिन्स हा घोटाळ्याचा शब्द आहे. मटणाच्या बाबतीत तो खिमा. लसूण, आलं, मिरचीच्या बाबतीत तो ‘अगदी बारीक चिरणं’, इतकं बारीक की तुकड्याला आकार उरू नये. त्याला ‘वाटणं’ म्हणू नका. वाटलं की पाणी घालून गोळा होतो, आणि मिन्स केलेला लसूण कोरडा आणि सुटा असतो.

ज्युलिएन म्हणजे काड्या. हॉटेलातलं माप सुमारे तीन मिलिमीटर जाड आणि पाच सेंटीमीटर लांब, आगपेटीतल्या काडीपेक्षा जरा जाड. घरच्या कृतीत मी ‘काडीसारखं उभं चिरा’ एवढंच लिहिते. तसं बघितलं तर आमच्या घरी ज्युलिएन फक्त आल्याचं होतं, तेही मटणाच्या रश्श्यावर वरून घालायला. गाजराच्या काड्या करायला बसलं तर घरातले उपाशी झोपतील.

बारीक म्हणजे किती बारीक? सेंटीमीटर कुठं मोजत बसू?

मोजू नका, डब्यातलं धान्य बघा. मी कृतीत मापं अशी लिहायला लागले आणि फोन यायचे बंद झाले.

तांदळाच्या कणीएवढं म्हणजे मिन्स. तुरीच्या डाळीएवढं म्हणजे बारीक चिरलेलं, चार-पाच मिलिमीटर. हरभऱ्याएवढं म्हणजे साधं चिरलेलं. शेंगदाण्याएवढं म्हणजे जाडसर, एक सेंटीमीटरच्या थोडं वर. सुपारीएवढी म्हणजे फोड, दोन सेंटीमीटरच्या आसपास. हे माप बंगळुरातल्या स्वयंपाकघरातही असतं आणि खानापूरच्या शेतातल्या चुलीजवळही. भाचीला मी ‘तुरीच्या डाळीएवढा कांदा’ असं लिहिलं, तिनं डाळीचा डबा उघडून चार दाणे ओट्यावर ठेवले आणि शेजारी कांदा चिरला. तिनं फोटो पाठवला, दाण्यांसकट.

कांदा उभा चिरला काय आणि आडवा चिरला काय, पोटात एकच ना?

पोटात एक, पण कढईत वेगळा. कांद्याचे धागे मुळाकडून शेंड्याकडे जातात. त्या दिशेनंच चिरला, म्हणजे उभा, तर पातं धाग्यांच्या बाजूनं सरकतं आणि पेशी कमी फुटतात. असा कांदा परतल्यावर आपला आकार धरून ठेवतो आणि कच्चा खाल्ला तरी कमी झोंबतो. आडवा चिरला की प्रत्येक धागा मध्येच तुटतो, रस जास्त सुटतो, डोळ्याला पाणी जास्त येतं आणि शिजल्यावर तो लवकर विरघळतो.

म्हणून खोबऱ्याबरोबर भाजून वाटायच्या कांद्याला आम्ही ‘उभा चिरून’ लिहितो, कारण तो सुटासुटा भाजला गेला पाहिजे, कढईला चिकटून लगदा झाला तर करपट वास येतो. रश्श्यात विरघळायचा असेल तर बारीक. झुणक्यात मात्र घराघरात भांडण आहे. आमच्याकडे झुणक्याचा कांदा उभा आणि भरपूर, सासरी बारीक. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, अजून निकाल लागला नाही.

‘उभा’ या शब्दातही एक गोंधळ आहे. काहीजण कांदा ओट्यावर उभा ठेवून जसा दिसतो त्यावरून दिशा ठरवतात, काहीजण तो अर्धा करून पालथा घालतात आणि मग त्यांचं उभं-आडवं बदलतं. नवख्यांसाठी मी ‘मुळाकडून शेंड्याकडे’ असंच लिहिते.

लसूण चिरू, ठेचू की किसू?

याला एक उत्तर नाही, कारण इथं आकारापेक्षा पेशी किती फुटल्या त्याला महत्त्व आहे. आख्ख्या लसणीला जवळजवळ वास नसतो. पाकळी फुटली की तिच्यात वेगवेगळ्या जागी असलेली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि त्यातून अॅलिसिन नावाचं तिखट वासाचं द्रव्य तयार होतं. जितकं जास्त फोडाल तितकं जास्त तयार होईल. म्हणून चकत्या केलेला लसूण सौम्य, बारीक चिरलेला मधला आणि ठेचलेला सगळ्यात जहाल. गरम तेलात पडल्याबरोबर हे घडणं थांबतं. तेव्हा ठेचलेला लसूण फोडणीत टाकायच्या आधी पाच-दहा मिनिटं तसाच ठेवला तर वास भरपूर येतो.

किसलेला लसूण ठेचलेल्याएवढाच जहाल होतो, पण ओला असतो आणि तेलात बुडाला चिकटून पटकन करपतो. करपलेला लसूण कडू लागतो आणि तो कडूपणा कशानं जात नाही. वरणाच्या फोडणीला मी पाकळ्या बत्त्यानं एकेकदा दाबून घेते, चिरत नाही. खर्ड्याला मिरची, लसूण आणि मीठ तव्यावरच वाटीच्या बुडानं रगडते. आणि भरल्या वांग्याच्या मसाल्यात ठेचून घालते, कारण तिथं तो वांग्याच्या आत बंद राहून हळू शिजतो, करपायची भीती नाही.

‘वांग्याला चिरा द्या’ वाचून मी वांगी चिरूनच टाकली. चूक कुणाची?

लिहिणाऱ्याची, म्हणजे माझी. ‘चिरा’ हे ‘चिरणे’चं आज्ञार्थी रूप आहे आणि ‘चीर’ या नामाचं अनेकवचनही. ‘वांगी चिरा’ आणि ‘वांग्याला चिरा द्या’ यात फक्त एक प्रत्यय आणि एक ‘द्या’ एवढाच फरक आहे, पण पहिल्यात वांग्याचे तुकडे होतात आणि दुसऱ्यात वांगं आख्खं राहतं. मोबाइलवर घाईनं वाचणारीला तो प्रत्यय दिसत नाही.

आता मी असं लिहिते: “देठ ठेवा. काटे आणि देठावरची पाकळी काढा. टोकाकडून देठाकडे दोन छेद अधिक चिन्हासारखे द्या आणि देठाच्या एक बोट अलीकडे थांबा.” यात ‘थांबा’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. देठापर्यंत गेलात तर वांग्याच्या चार फोडी हातात येतात आणि मसाला कुठं भरायचा हा प्रश्न पडतो. फारच आधी थांबलात तर वांगं उघडत नाही, मसाला वरवर लागतो आणि आतला गर अळणी राहतो. छेद बरोबर झालाय का हे बघायचं असेल तर वांगं देठाला धरून हलकं दाबा. ते कमळाच्या कळीसारखं उघडलं पाहिजे आणि सोडल्यावर परत मिटलं पाहिजे.

छेद दिला की वांगी लगेच मिठाच्या पाण्यात सोडायची. हवा लागली की गर काळा पडतो.

मग ती भाचीची कृती आता कशी लिहिली?

पूर्ण देते. चौघांना पुरते.

लहान, जांभळी, गोल वांगी आठ, म्हणजे साधारण अर्धा किलो. वर सांगितल्याप्रमाणे अधिक चिन्हासारखे छेद देऊन मिठाच्या पाण्यात सोडा.

मध्यम कांदे दोन, तुरीच्या डाळीएवढे बारीक चिरा. लसणीच्या दहा पाकळ्या सोला आणि ठेचा. सुकं खोबरं पाव वाटी होईल एवढं किसा आणि कोरडंच बदामी भाजा. शेंगदाणे अर्धी वाटी भाजून, सालं पाखडून, जाडसर कुटा. पीठ होऊ देऊ नका, खसखशीएवढे कण हाताला लागले पाहिजेत. कारळे दोन चमचे भाजून कुटा. गूळ सुपारीएवढा, सुरीनं तासून घ्या म्हणजे मसाल्यात लगेच मिसळतो. खडा तसाच टाकला तर एका वांग्यात सगळा गोडवा आणि बाकीची सात कोरी. कोथिंबीर मूठभर, कोवळ्या देठांसकट बारीक चिरा. चिंचेचा कोळ दोन चमचे, लाल तिखट दोन चमचे, हळद, मीठ.

हे सगळं चमचाभर तेल घालून कालवा. मुठीत दाबल्यावर मसाल्याचा गोळा झाला पाहिजे आणि बोटानं ढकलल्यावर मोडला पाहिजे. गोळा होत नसेल तर कांदा जाड राहिलाय. पाणी सुटून सैल झाला असेल तर कांदा फार बारीक, नाहीतर मिक्सरमधून काढलाय. वांग्यात भरा, उरलेला मसाला बाजूला ठेवा.

जाड बुडाच्या कढईत चार चमचे तेल, मोहरीची फोडणी, त्यात वांगी एका थरात लावा. मंद आचेवर झाकण ठेवून आठ मिनिटं, मग चिमट्यानं उलटी करून आणखी आठ मिनिटं. उरलेला मसाला आणि अर्धी वाटी गरम पाणी घालून तेल वर येईपर्यंत शिजू द्या. देठाजवळ सुरीचं टोक सहज गेलं की झालं.

यात चिरणं, छेद देणं, ठेचणं, किसणं, कुटणं आणि तासणं अशी सहा वेगवेगळी कामं आहेत. पहिल्या कागदावर या सहांना एकच शब्द होता.

आमच्या शेजारच्या अक्का कन्नड बोलतात. त्यांच्याकडून कृती उतरवून घेताना काय लक्षात ठेवू?

‘हेच्चु’ हा शब्द. कन्नडात हेच्चु म्हणजे भाजी चिर, आणि हेच्चु म्हणजे जास्तही. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा माझं कन्नड ‘साकु’ आणि ‘बेकु’च्या, म्हणजे पुरे आणि पाहिजेच्या, पुढं गेलेलं नव्हतं. शेजारच्या अक्कांकडे एण्णगाई, म्हणजे त्यांच्या पद्धतीची भरली वांगी, शिकायला बसले. त्या म्हणाल्या, “उळ्ळागड्डी सण्णग हेच्चु.” म्हणजे कांदा बारीक चिर. उळ्ळागड्डी म्हणजे कांदा एवढंच मला ठाऊक होतं. मला वाटलं कांदा जास्त पाहिजे. मी टोपलीतून आणखी दोन घेतले. त्या पुन्हा म्हणाल्या, हेच्चु. मी आणखी एक घेतला. मग त्यांनी माझ्या हातातली टोपली काढून घेतली आणि विळीकडे बोट दाखवलं.

बाकीचे शब्द कामापुरते सोपे आहेत. सीळु म्हणजे उभी चीर देणं, मिरचीला आणि वांग्याला हाच लागतो. तुरि म्हणजे किसणं किंवा नारळ खवणं. जज्जु म्हणजे ठेचणं, आलं-लसणीला. कुट्टु म्हणजे कुटणं, तो तर कानाला आपलाच वाटतो. एण्णगाईत वांग्याला ‘सीळु’ म्हणतात आणि कांद्याला ‘हेच्चु’, म्हणजे जो भेद मला मराठीत दोन वाक्यांनी करावा लागला तो त्यांच्या भाषेत आपोआप होतो. याचा मला थोडा हेवा वाटतो.

विळीवर तुरीच्या डाळीएवढा कांदा चिरता येतो का, का सुरीच पाहिजे?

येतो, आणि सराव असेल तर सुरीपेक्षा लवकर. कांदा सोला पण मुळाकडचा भाग ठेवा, तोच सगळे पदर धरून ठेवतो. मूळ तळहातात आलं पाहिजे. शेंड्याकडून पात्यावर एकमेकांजवळ उभे छेद द्या, मुळाच्या अलीकडे थांबत. मग कांदा पाव फेरा फिरवा आणि पहिल्या छेदांना आडवे छेद द्या. आता वरून जाळी दिसेल. त्यानंतर कांदा पात्यावर आडवा धरून पातळ पातळ काढत या, चौकोनी दाणे खाली ताटात पडतात. छेदांमधलं अंतर जेवढं, तेवढाच दाणा.

सुरीनंही हेच करायचं, फक्त कांदा मुळासकट अर्धा करून पालथा ठेवायचा. दोन्हीत एकच चूक होते. पातं बोथट असतं. बोथट पातं चिरत नाही, चेंगरतं. कांद्याचं पाणी ताटात जमा झालेलं दिसलं किंवा कोथिंबीर चिरल्यावर कडेनं काळपट ओली झाली, की विळी धारवाल्याकडे न्यायची वेळ आली समजा.

कृतीत ‘एक वाटी कांदा, बारीक चिरून’ लिहू की ‘एक वाटी बारीक चिरलेला कांदा’?

दुसरं. पहिल्यात वाटीत काय भरायचं ते कळत नाही. त्याहून बरं म्हणजे ‘मध्यम कांदे दोन, बारीक चिरून’, कारण नगाचं माप चिरण्यानं बदलत नाही. पाल्याच्या बाबतीत तर फरक फारच मोठा आहे. वाटीभर कोथिंबिरीची पानं चिरल्यावर अर्ध्या वाटीपेक्षा कमी भरतात. मी पाल्याला नेहमी जुडी किंवा मूठ लिहिते.

दोरी ओढायचा चॉपर किंवा मिक्सर चालेल का?

चॉपर वाटणाला आणि ऑम्लेटला चालतो. भरायच्या मसाल्याला नको. त्यात काही दाणे कणीएवढे होतात, काही शेंगदाण्याएवढे राहतात आणि जास्त ओढलं की पाणी सुटतं. मिक्सरचं तर विचारूच नका.

आणखी कुठल्या ठिकाणी ‘कापा’ लिहिणं चुकीचं होईल?

मेथी खुडायची. पानं नखानं खुडून मग चिरायची की नाही हा पुढचा प्रश्न. गवारी मोडायची, कारण मोडताना शीर आपोआप निघून येते, चिरली तर शीर तुकड्यात अडकून बसते. फ्लॉवरचे तुरे काढायचे. काकडी कोचायची, काहीजण चोचवणं म्हणतात. काकडी हातात उभी धरून सुरीनं वरून जवळजवळ घाव घालायचे आणि मग त्याचा पातळ थर काढायचा. अशी काकडी किसलेल्या काकडीसारखी पाणी होऊन बसत नाही, कोशिंबिरीत कचकच राहते. करंजीच्या कडा कातायच्या, त्यासाठी कातणं असतं. नारळाच्या आणि बेसनाच्या वड्या पाडायच्या, थापल्यावर थोडं गरम असतानाच. लोणच्याची कैरी मात्र फोडायची, आणि इथं ‘कापा’ लिहिलं तर एखादी नवी सून कोवळी कोय सोडून फक्त गराचे तुकडे करेल. बाठीसकट फोड हवी असेल तर तसं स्पष्ट लिहा.

भाकरी-झुणक्याबरोबरच्या कांद्याला काय लिहायचं?

काही लिहू नका. तो चिरत नाहीत. सोलून जमिनीवर किंवा पाटावर ठेवायचा आणि बुक्कीनं फोडायचा. आमचे मामा शेतात बांधावर बसून एका बुक्कीत फोडायचे आणि मधला गाभा आधी मला द्यायचे, तो गोड असतो म्हणून. भाचीनं बंगळूरला ओट्यावर प्रयत्न केला. कांदा फुटला, पण खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, काय पडलं म्हणून विचारायला.